लिहिता न येणाऱ्यांची रोजवही: एक चित्र, एक यादी, एक ओळ

मी हिशेबाच्या कामातली बाई. आयुष्यात सगळ्यात जास्त लिहिलं ते व्हाउचरच्या मागे. तीन वेळा डायरी सुरू केली आणि तिन्ही वेळा दुसऱ्या आठवड्यात ‘आज विशेष काही नाही’ या वाक्यावर येऊन थांबले. एका डायरीत हे वाक्य सलग अकरा दिवस आहे. मी मोजलंय.

त्यानंतर स्केच जर्नल हातात आलं. पानावर घाईघाईचं छोटं चित्र, शेजारी यादी आणि खाली एखादी ओळ, एवढंच. गेली चार वर्षं ते टिकलंय. आधी मी समजत होते की मला चित्रंही येत नाहीत आणि शब्दही. चित्रांबाबतीत ते अजून बऱ्यापैकी खरं आहे, पण त्यानं फारसं बिघडत नाही. लिहिणारा अडतो तो बहुधा पहिल्या वाक्यापाशी. या पद्धतीत वाक्य पहिलं येतच नाही, शेवटी येतं. तोवर पानावर इतकं काही जमलेलं असतं की त्यातून ते वेचून घेता येतं. इथे मी फक्त एक पान भरायचं कसं, तेवढंच सांगणार आहे. एक जमलं की बाकीची तशीच भरतात.

## १. काय काय लागतं

- एक वही, ए५ आकाराची (म्हणजे १४८ × २१० मिमी), कोऱ्या पानांची. कागद १०० ते १२० जीएसएमचा.
- एक पेन.
- मोबाइलवरचा टायमर किंवा मनगटावरचं घड्याळ.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. साधी वही साधारण ६० ते ८० जीएसएमची असते. तिच्यावर शाईचं पेन जरा वेळ टेकवलं की शाई मागच्या पानावर दिसायला लागते. जाड कागद घेतला तरी मी पानाची मागची बाजू कोरीच सोडते. त्याचा उपयोग शेवटी सांगते.

पेनाबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण इथे बरेच जण चुकीच्या वस्तूवर पैसे घालवतात. घरातलं बॉलपेन उत्तम चालतं. हलका दाब दिला की फिकट रेघ, जोर दिला की गडद, आणि ते कागदात फुटत नाही. जेल पेनची रेघ सुरेख येते, पण वाळायच्या आत तळहात फिरला की पान काळं होतं. पुढे कधी वरून पाण्याचा रंग लावावासा वाटला, तर रंगद्रव्याच्या शाईचं, ०.३ किंवा ०.५ मिमी टोकाचं फाइनलायनर पेन घ्या. त्याची रेघ वाळली की पाण्यानं पसरत नाही. पेन्सिल सुरुवातीला नको. पेन्सिलीबरोबर खोडरबर येतो, आणि खोडरबर आला की पाच मिनिटांचं चित्र अर्धा तास चालतं आणि शेवटी पुसूनच टाकलं जातं.

वही फार देखणी घेऊ नका. माझी एक कापडी बांधणीची वही अजून कोरी आहे. तिच्या लायकीचं काही सुचायची वाट बघतेय.

## २. पान आधी भागून घ्या

कोरं पान घाबरवतं कारण ते मोठं असतं. त्याला आधीच लहान करा. वही उभी धरा आणि वरच्या अर्ध्या भागात हातानंच एक चौकट आखा, पट्टी न घेता. ही चित्राची जागा. खाली डाव्या बाजूचा अरुंद रकाना यादीचा. तळाशी दोन बोटं उंचीची पट्टी ओळीसाठी. उरलेली जागा रिकामी राहू द्या. तिथे मागाहून काहीतरी येतंच.

कोपऱ्यात तारीख, वेळ आणि जागा लिहा. ‘मंगळवार’ एवढंच नको. ‘मंगळवार, स. ११.२०, जिन्यात’ असं लिहा. वेळ लिहिली की आपण दिवसाबद्दल लिहायला बसत नाही, एका क्षणाबद्दल बसतो. दिवस फार मोठा असतो. ‘विशेष काही नाही’ हे वाक्य दिवसाला लागू पडतं, सकाळी ११.२० ला सहसा पडत नाही.

## ३. चित्र: एकच वस्तू, पाच-सहा मिनिटं

समोर जे आहे त्यातली एकच वस्तू निवडा. हलणारी नको, माणसाचा चेहरा तर मुळीच नको. किल्ल्यांचा जुडगा, छत्री, कुणीतरी काढून ठेवलेले बूट, दाराची कडी. टायमर सहा मिनिटांवर लावा.

आधी कागदावर दोन ठिपके द्या: वस्तूचा वरचा टोकाचा बिंदू इथे, खालचा इथे. नवशिका माणूस नेहमी आवडलेल्या तपशिलापासून सुरुवात करतो. छत्रीची मूठ मन लावून काढतो आणि मग छत्रीला जागा उरत नाही. दोन ठिपक्यांनी हे टळतं. त्यानंतर सगळ्यात मोठा आकार, आणि मगच त्यातले लहान.

रेघ ओढताना नजर कागदापेक्षा वस्तूवर जास्त ठेवा. वस्तूच्या कडेवरून एक मुंगी चालली आहे असं समजा. तुमची नजर त्या मुंगीवर आणि पेन तिच्या वेगानं. रेघ थरथरेल. थरथरू द्या. आपलं चित्र बिघडतं ते हात कच्चा आहे म्हणून कमी, आणि वस्तू न बघता ‘माहितीतली’ वस्तू काढतो म्हणून जास्त. खुर्चीचे चारही पाय सारख्या उंचीचे असतात हे आपल्याला माहीत असतं, म्हणून आपण चारही पाय एका ओळीत टेकवतो. प्रत्यक्षात बसल्या जागेवरून पुढचे पाय कागदावर खाली येतात आणि मागचे वर. खुर्ची जमत नसेल तर खुर्ची सोडून द्या आणि पायांच्या मधली रिकामी जागा काढा. त्या पोकळीचा आकार आपल्याला आधी माहीत नसतो, त्यामुळे बघावाच लागतो. चार पोकळ्या नीट आल्या की खुर्ची आपोआप उभी राहते.

भांडी, बाटल्या, पेले काढताना दुसरी एक गोची होते. वरचं गोल तोंड आपण मोठं उघडं काढतो आणि तळाशी मात्र सरळ रेघ मारतो. त्यामुळे पेला घसरल्यासारखा दिसतो. गोल कड डोळ्यांच्या पातळीला असेल तर ती सपाट रेघच दिसते, आणि डोळ्यांच्या जितकी खाली असेल तितका तिचा लंबगोल उघडतो. म्हणजे टेबलावरच्या पेल्याचा तळ तोंडापेक्षा जास्त गोलाकार हवा. एवढं एक कळलं की अर्ध्या घरातल्या वस्तू काढता येतात.

रेघ चुकली तर खाडाखोड करू नका. शेजारी बरोबर रेघ मारा, दोन्ही राहू द्या. टायमर वाजला की थांबा, वस्तू अर्धी राहिली असली तरी. झिपचे दात दहा काढले की पुढचे ठिपके चालतात. बघणाऱ्याला कळतं.

आता चित्राला बाण काढा आणि नावं द्या. ‘इथे शिवण उसवली आहे’, ‘हा डाग कशाचा?’, ‘ही किल्ली कशाची ते घरात कुणालाच माहीत नाही’. ‘मला लिहिता येत नाही’ म्हणणारा प्रत्येक जण बाणापुढे दोन-तीन शब्द सहज लिहितो, आणि ते लिखाणच असतं हे त्याच्या लक्षातही येत नाही. १८३७ साली चार्ल्स डार्विननं स्वतःच्या वहीत फांद्या फुटत गेलेली एक वेडीवाकडी आकृती काढली, फांद्यांच्या टोकांना अक्षरं दिली आणि वर दोनच शब्द लिहिले: ‘मला वाटतं’. एका जिवापासून निरनिराळे जीव कसे फुटत गेले असतील, याचा त्याचा विचार त्या आकृतीत होता. आकृती सुबक नाही, आणि त्या वहीला सुबक असायचं कारणही नव्हतं.

## ४. यादी: मथळा अरुंद ठेवा

यादी म्हणजे कामांची यादी नव्हे. ‘लाइट बिल, गिरणी, फोन’ ही टिपणं उपयोगाची असतात, पण सहा महिन्यांनी वाचली तर त्यातून काही हाती लागत नाही.

चांगल्या यादीचा जीव तिच्या मथळ्यात असतो. ‘आज पाहिलेलं’ हा मथळा इतका रुंद आहे की काहीच सुचत नाही. ‘या खोलीतल्या दुरुस्त करायच्या राहिलेल्या गोष्टी’ म्हटलं की पाच नोंदी दम न घेता होतात. माझे नेहमीचे काही मथळे: पिशवीच्या तळाशी सापडलेलं, इथे कुणी कुणी वस्तू विसरल्या असतील, मागच्या दहा मिनिटांतले आवाज, समोरच्या माणसानं तीनदा केलेली गोष्ट, मी बोलता बोलता गिळलेली वाक्यं. (शेवटचा मथळा जपून वापरा, यादी फार लांबते.)

नोंदी पाच ते सात. प्रत्येक नोंद म्हणजे एक वस्तू किंवा आवाज, आणि तिच्याबद्दलचा एक तपशील. ‘पंखा’ नको, ‘पंखा, दर फेरीला एकदा कट्’ असं. पारख सोपी आहे: ही नोंद कॅमेऱ्यात किंवा रेकॉर्डरमध्ये पकडता आली असती का? ‘शांतता’, ‘समाधान’, ‘ताण’ या पारखेत बसत नाहीत. असे शब्द यादीत आले की समजा, आपण बघायचं सोडून निष्कर्ष काढायला लागलो. मन भरून आलेलं असेल तरी त्या वेळी हात काय करत होते ते लिहा.

यादी झाली की ती एकदा वाचा आणि जी नोंद टोचते, हसवते किंवा इतरांच्या पंगतीत बसत नाही, तिच्यापुढे खूण करा. एकच खूण. पुढची पायरी तिच्यावरच उभी आहे.

## ५. ओळ: जे चित्रात नाही आणि यादीतही नाही

छत्रीच्या चित्राखाली ‘ही माझी छत्री’ लिहिणं म्हणजे जागा वाया घालवणं. छत्री दिसतेच आहे. चित्र आकार सांगतं, यादी मोजदाद करते. ओळीनं तिसरं काहीतरी सांगावं: आधी काय झालं, कोण काय बोललं, कशाच्या शेजारी काय होतं.

ओळ पंधरा-वीस शब्दांची असावी. छान, सुंदर, मस्त, खूप, भयंकर ही मंडळी बाहेर ठेवा. काहीच सुचत नसेल तर खूण केलेली नोंद घ्या आणि तिच्यापुढे ‘पण’ लिहून बघा. ‘छत्री आणली, पण...’ या ‘पण’नं माझी कितीतरी पानं वाचवली आहेत. नाहीतर कुणीतरी बोललेलं वाक्य जसंच्या तसं उतरवा.

आणि भाषा बोलायची ठेवा. आपल्यापैकी अनेकांना लिहायची भीती वाटते ती शाळेतल्या निबंधामुळे. पेन उचललं की ‘सकाळची वेळ होती, वातावरण प्रसन्न होते’ असं काहीतरी आपोआप उतरतं, आणि ते आपलं नाही हे आपल्यालाही कळत असतं. घरी बोलता तसं लिहा. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर चुकू दे, ही वही तपासायला कुणी येणार नाही.

## ६. एक पान, पहिल्यापासून

आईला डोळे तपासायला नेलं होतं. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले की वीस-तीस मिनिटं डोळे मिटून बसावं लागतं. ती बसली आणि मी वही काढली. कोपऱ्यात लिहिलं: ‘गुरु., दु. १२.१०, डोळ्यांच्या दवाखान्यात, बाकावर’.

चित्रासाठी आईचा चेहरा समोर होता, पण मी तिच्या मांडीवरची पिशवी घेतली. वर ठिपका, खाली ठिपका, पिशवीचा फुगीर चौकोन, मग बंद. बंद मोठा झाला आणि चौकटीच्या बाहेर गेला. जाऊ दिला. हात काढायचा प्रयत्न केला, बोटं जमली नाहीत, म्हणून बंदावर नुसता मुठीचा गोळा काढला. बाण तीन: ‘रिपोर्ट इथे’, ‘झिप अर्धीच लागते’, ‘मूठ सैल होत नाही’. टायमर वाजला.

यादीचा मथळा आधी ‘दवाखान्यातल्या गोष्टी’ असा लिहिला. दोन नोंदी झाल्या, बाक आणि पाटी, आणि मी थांबले. मग सुचलं की आईला आत्ता दिसत नाही, फक्त ऐकू येतंय. पहिला मथळा तसाच ठेवून खाली नवा लिहिला, ‘डोळे मिटून ऐकू येणारं’:

- चपला फरफटत जाणारं कुणीतरी, उजवीकडून डावीकडे
- टेबलावर फाइल आपटली
- नाव पुकारलं, चुकीचं. मग तेच, बरोबर
- लहान मुलगा: ‘झालं का?’
- आई: ‘किती वाजले?’ (तिसऱ्यांदा)
- औषधाच्या बाटलीचं टोपण, जमिनीवर घरंगळत

खूण पाचव्या नोंदीवर केली. आता ओळ. पहिली सुचली ती अशी: ‘आज आईला दवाखान्यात नेलं, खूप वेळ लागला.’ पूर्वीच्या डायरीत मी हीच लिहून वही मिटली असती. पण यातलं पहिलं वरच्या कोपऱ्यात लिहिलेलंच आहे, आणि ‘खूप’मधून काही दिसत नाही. खूण केलेल्या नोंदीशेजारी आणखी काय होतं ते पाहायला मान वर केली, तर समोर घड्याळ. मग लिहिलं:

‘समोर भिंतीवर ताटाएवढं घड्याळ आहे आणि आई डोळे मिटून मला वेळ विचारतेय.’

काळजीचा उल्लेख त्यात कुठे नाही. त्या दिवशी मी ती लिहायला बसले असते तर काय लिहावं ते कळलं नसतं. एकूण वेळ गेला चौदा मिनिटं: चित्राला सहा, यादीला पाच, ओळीला तीन.

## ७. कुठे फसायला होतं

पहिलं पान कोरं सोडा. पहिल्या पानावर सगळ्यांना मंगलाचरण करावंसं वाटतं आणि तिथेच आठवडा जातो. तिसऱ्या पानापासून सुरू करा.

राहिलेले दिवस मागाहून भरू नका. आठवणीतून काढलेली वस्तू पुन्हा ‘माहितीतली’ वस्तू होते, आणि यादीत शांतता-समाधान शिरतात. चार दिवस गेले तर गेले, पाचव्याची तारीख घाला. फोटोवरून काढण्याचंही थोडं असंच आहे. फोटोनं काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे आधीच ठरवलेलं असतं, आणि आपण त्याच्या कडा गिरवत बसतो.

सगळ्यात मोठा खड्डा सजावटीचा. इतरांची रंगीत पानं बघून आपणही वळणदार मथळे, वेलबुट्टीची चौकट, चिकटपट्ट्या सुरू करतो. एका पानाला दीड तास लागायला लागला की समजा, दहा दिवसांत वही बंद पडणार. रंग हवाच असेल तर एकच घ्या आणि तो फक्त खूण केलेल्या गोष्टीला लावा.

आणखी एक, जरा नाजूक. आजूबाजूच्या माणसांबद्दल लिहिताना नावाऐवजी आद्याक्षर किंवा त्यांची एखादी वस्तू वापरा. वही कधी ना कधी कुणाच्या तरी हातात पडते. माझी पडली होती. तेव्हापासून एका नातेवाइकांचं नाव वहीत ‘तपकिरी बूट’ असं आहे.

## ८. वीस पानं झाल्यावर

वीस पानं होईपर्यंत मागे वळून वाचू नका. झाली की चित्रं सोडा, याद्या सोडा, फक्त तळाच्या ओळी एकामागून एक वाचा, शक्यतो मोठ्यानं. बहुतेक सपाट निघतील. दोन-तीन ठिकाणी मात्र पुढे काहीतरी सांगायचं राहिलंय असं वाटेल. कोरी ठेवलेली मागची बाजू त्यांच्यासाठी. तिथे एकाच प्रश्नाचं उत्तर लिहा: ‘त्याच्या लगेच आधी काय झालं?’ आणि मग, ‘लगेच नंतर?’ एका प्रश्नाला दोन-तीन वाक्यं पुरतात. चौकट, टायमर काही नको.

दवाखान्याच्या पानामागे माझ्या सात ओळी झाल्या. आई चौथ्यांदा वेळ विचारते तिथून त्या सुरू होतात, आणि मी घड्याळाकडे न बघता उत्तर देते तिथे संपतात.